जर्मन शिकणाऱ्या मैत्रिणीला काय द्यावं?

आधी तिची पातळी विचारून घ्या. ए१, ए२, बी१ असं ती सांगेल; ए१ सगळ्यात सोपी. नवखा माणूस हमखास चुकतो तो इथेच: जाडजूड शब्दकोश किंवा मूळ जर्मन कादंबरी देतो आणि ते पुस्तक कपाटात पडून राहतं.

माझी पहिली पसंती पातळीनुसार लिहिलेल्या छोट्या गोष्टींच्या पुस्तकाला, तेही ऑडिओसकट. ती ए२च्या वर्गात असेल तर पुस्तक ए१चं घ्या. पानावर तीन-चारपेक्षा जास्त शब्द अडले की वाचन थांबतं आणि नुसती शब्दांची शोधाशोध सुरू होते. सोपं पुस्तक मात्र ती संपवते, मग तेच कानांनी ऐकते. प्रत्यक्ष कुणाशी जर्मन बोलताना पहिली अडचण ऐकण्याचीच येते.

दुसरी भेट अगदी साधी: कोरी कार्डं, त्यांना एक रिंग आणि तीन रंगांची पेनं. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं. टेबल पुल्लिंगी, म्हणून ‘डेअर टिश’ निळ्याने; दिवा स्त्रीलिंगी, म्हणून ‘डी लांपं’ लाल; पुस्तक नपुंसकलिंगी, म्हणून ‘दास बूख’ हिरव्याने. कार्डं कोरीच द्या, लिहू दे तिलाच. लिहिताना निम्मं पाठ होतं.

आणि हो, चारचौघांत “जरा बोलून दाखव ना” एवढं टाळा. त्यापेक्षा परीक्षेच्या आठवड्यात तिचं एखादं काम गुपचूप उरकून टाका. निकाल ती सांगेल तेव्हा ऐका.