जर्मन कॅलेंडरवरच्या सुट्ट्या: काय बंद, काय चालू?

प्रश्न: कोलोनच्या घरात भिंतीवर जर्मन कॅलेंडर आहे. सुट्ट्यांच्या यादीचा अर्थ सांगाल का? कुठल्या दिवशी दुकानं बंद असतात?

उत्तर: यादीतलं ‘गेझेट्सलिशर फायरटाग’ म्हणजे सरकारी सुट्टी. पण आपल्याकडे सरकारी सुट्टीला ऑफिस बंद आणि बाजार फुललेला. तिथे सुपरमार्केटसुद्धा बंद. म्हणून मी भाषांतर ‘सुट्टी, किराणा आदल्या दिवशी’ असंच करतो!

फसवतात त्या नावापुढच्या बारीक टिपा. ‘फ्रोनलाइशनाम’ हा ईस्टरनंतर 60 दिवसांनी, कायम गुरुवारी येणारा कॅथलिक सण. 2026 मध्ये तो 4 जूनला आहे. कोलोन ज्या नॉर्डराइन-वेस्टफालन राज्यात आहे तिथे त्या दिवशी सगळं बंद, बर्लिनमध्ये मात्र नेहमीसारखा गुरुवार. कॅलेंडर देशभराचं असेल तर टीपेत आपल्या राज्याचं नाव शोधा. राज्याचं संक्षिप्त नाव NW.

अशा दिवशी दूध संपलंच, तर मुख्य रेल्वे स्टेशनातली दुकानं किंवा पेट्रोल पंप गाठा. भाव मात्र चढे. काही बेकऱ्या सकाळी थोडे तास उघडतात. औषधाची दुकानं पाळीने चालू असतात, बंद दुकानाच्या दारावर जवळच्या चालू दुकानाचा पत्ता असतो. हॉटेलं बहुतेक चालू.

उलटा घोळ 24 डिसेंबरचा. ‘हायलिगआबेंड’ म्हणजे नाताळची पूर्वसंध्या, ती सरकारी सुट्टी नाही, तरी दुकानं दुपारी 2 पर्यंत मिटतात आणि पुढचे दोन दिवस उघडत नाहीत. आणि कोलोनमध्ये कार्निव्हलचा सोमवार ‘रोझनमोंटाग’: तोही सुट्टी नाही, पण बरीच ऑफिसं बंदच!