अर्ज क्रमांक, एक कागद आणि एकच प्रश्न

प्रश्न: कॉलेजने माझं ट्रान्स्क्रिप्ट थेट विद्यापीठाला पाठवून तीन आठवडे झाले, तरी पोर्टलवर 'मिळालेलं नाही' असंच दिसतंय. प्रवेश कार्यालयाला दोन मेल केले, दोन्ही वेळा ठरावीक साच्याचं उत्तर आलं. आता नेमकं काय लिहू?

उत्तर:

अर्ज क्रमांक विषयाच्या ओळीत टाका आणि एवढंच विचारा: 'हे ट्रान्स्क्रिप्ट तुमच्याकडे येऊन कुठल्याच अर्जाला न जोडता पडलेलं आहे का?' हाच प्रश्न का, ते सांगतो. मी काही वर्षं एका विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात आलेले कागद अर्जांना जोडायचं काम केलंय, त्यामुळे तुमचा मेल पलीकडे कसा वाचला जातो ते मला माहीत आहे.

तुम्ही स्वतः पोर्टलवर अपलोड केलेली फाइल आपोआप तुमच्याच अर्जात जाते, कारण तुम्ही लॉग-इन केलेलं असतं. कॉलेजकडून आलेल्या कागदाचं तसं नसतं. त्यावर नाव असतं, बहुतेक वेळा जन्मतारीख असते, पण अर्ज क्रमांक क्वचितच असतो. मग कार्यालयातलं कुणीतरी, किंवा तिथली प्रणाली, नाव आणि जन्मतारीख जुळवून तो कागद अर्जाला जोडते. जुळलं नाही तर कागद फेकून देत नाहीत, बाजूला ठेवतात. आमच्याकडे त्याला सरळ 'न जुळलेले' म्हणायचे. अशा कागदासाठीही पोर्टल 'मिळालेलं नाही' असंच दाखवतं, कारण पोर्टलला फक्त अर्जाला जोडलेलं दिसतं.

म्हणजे त्या दोन शब्दांमागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कागद पोचलाच नाही, पोचला पण अजून रांगेत आहे, किंवा पोचून 'न जुळलेल्यां'त पडला आहे. तुम्हाला आलेलं साच्याचं उत्तर पुन्हा एकदा नीट वाचा. कागद नोंदवायला किती दिवस लागतात ते बऱ्याचदा त्यातच असतं. ती मुदत उलटून गेली असेल तर रांगेची शक्यता कमी होते आणि पहिली व तिसरी उरते. पहिलीचा शोध कॉलेजकडे घ्यायचा. तिसरीचं उत्तर फक्त प्रवेश कार्यालय देऊ शकतं, म्हणून त्यांना तेवढंच विचारायचं.

एक उदाहरण सांगतो. एका मुलीचे तीन मेल आले होते. तिन्हींत 'माझ्या अर्जाचं काय झालं, कृपया लवकर कळवा' एवढंच. एका मेलला पोर्टलचा स्क्रीनशॉट जोडला होता आणि अर्ज क्रमांक होता तो त्या चित्रात. चित्रातला आकडा मेलच्या शोधात सहसा सापडत नाही. ज्याने मेल उघडला त्याला तो डोळ्यांनी वाचून हाताने टाकावा लागतो, आणि शेकडो मेल समोर असताना तेवढं कुणी करत नाही. तिन्ही वेळा तिला साच्याचं उत्तर गेलं. चौथ्या मेलच्या विषयातच क्रमांक होता. आत लिहिलं होतं की अर्जात तिचं नाव आधी आणि आडनाव नंतर आहे, ट्रान्स्क्रिप्टवर मात्र आडनाव आधी आहे आणि मधलं नाव फक्त आद्याक्षरात. मी 'न जुळलेल्यां'त तिचं आडनाव टाकून शोधलं. कागद तिथेच होता, येऊन बरेच दिवस झाले होते. जोडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पहिले तीन मेल आठवले की अजूनही वाईट वाटतं, कारण कागद आमच्याकडेच होता आणि ती रोज पोर्टल उघडून बघत होती.

म्हणून मेल लिहिण्याआधी कॉलेजकडून तीन गोष्टी विचारून घ्या: कोणत्या तारखेला पाठवलं, कोणत्या पत्त्यावर किंवा कोणत्या मार्गाने पाठवलं, आणि त्यावर नाव अक्षरशः कसं छापलं आहे. जमलं तर त्याची प्रत डोळ्यांखालून घाला. पत्ता चुकलेला असेल, कागद दुसऱ्याच विभागाकडे गेला असेल, तर ते इथेच कळतं आणि प्रवेश कार्यालयाला मेल करायची गरजच उरत नाही.

क्रमांकाच्या बाबतीत एक काळजी घ्या. लॉग-इनचा आयडी, शुल्काच्या पावतीचा क्रमांक आणि अर्ज क्रमांक हे वेगवेगळे असू शकतात. दोन अभ्यासक्रमांना अर्ज केला असेल तर काही ठिकाणी दोन अर्ज क्रमांक असतात. पोर्टलवर 'अर्ज क्रमांक' म्हणून जे दिसतं तेच कॉपी करून चिकटवा, हाताने टाइप करू नका. शून्य आणि इंग्रजी ओ यांच्यातल्या गोंधळाने दुसऱ्याचीच फाइल उघडलेली मी पाहिली आहे.

मेल साधारण असा लिहा. कार्यालयाचा पत्रव्यवहार ज्या भाषेत असेल त्या भाषेत:

> विषय: अर्ज क्र. 4471903 – ट्रान्स्क्रिप्ट न जुळलेल्या कागदांत आहे का?
>
> महोदय/महोदया,
>
> अर्ज क्रमांक: 4471903
> अर्जातील नाव: (जसं भरलं तसं)
> ट्रान्स्क्रिप्टवरील नाव: (जसं छापलं तसं)
> जन्मतारीख: …
>
> माझ्या कॉलेजने ट्रान्स्क्रिप्ट … तारखेला … या पत्त्यावर पाठवलं. पोर्टलवर आज ते 'मिळालेलं नाही' असं दिसतं.
>
> वरील दुसऱ्या नावाने आलेलं ट्रान्स्क्रिप्ट तुमच्याकडे कोणत्याही अर्जाला न जोडता ठेवलेलं आहे का?

बस, इतकंच. 'मुदत वाढेल का', 'निकाल कधी लागेल' हे याच मेलमध्ये घालू नका. त्यांची उत्तरं वेगळी माणसं देतात. मेल त्यांच्याकडे पाठवला जातो आणि तुमचा कागदाचा प्रश्न मागे राहतो. ट्रान्स्क्रिप्टची तुमच्याकडची प्रतही जोडू नका. कागद थेट संस्थेकडूनच यायला हवा असा नियम असेल, तर 'अर्जदाराकडून आलेली प्रत चालत नाही' एवढंच उत्तर येतं आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. त्यांनी मागितली तरच द्या.

नवा मेल सुरू करण्यापेक्षा आधीच्या मेलवरच उत्तर म्हणून पाठवा आणि विषयाची जुनी ओळ न पुसता तिच्यापुढे अर्ज क्रमांक आणि प्रश्न जोडा. दर वेळी नवा मेल गेला की बऱ्याच ठिकाणी त्याची वेगळी नोंद होते, ती वेगळ्या माणसाकडे जाते आणि तुमचा आधीचा पत्रव्यवहार त्याला दिसतच नाही.

एका गोष्टीला मात्र अपवाद आहे. कागदपत्रांची शेवटची तारीख दोन-चार दिवसांवर आली असेल, तर प्रश्न बदला: 'कॉलेजने … तारखेला पाठवल्याचा पुरावा दिला, तर कागद नंतर नोंदवला गेला तरी अर्ज विचारात घेतला जाईल का?' तेव्हाही प्रश्न एकच. मेल पाठवून झाल्यावर फोनही करा आणि पहिल्याच वाक्यात क्रमांक सांगा.

उत्तर 'आहे, जोडला' असं आलं तर पोर्टलवर बदल दिसेपर्यंत तो मेल जपून ठेवा. 'रांगेत आहे' असं आलं तर ते सांगतील त्या तारखेपर्यंत थांबा, मधे मेल करू नका. 'आमच्याकडे नाही' असं आलं तर त्याच दिवशी कॉलेजला पुन्हा पाठवायला सांगा, आणि या वेळी ट्रान्स्क्रिप्टसोबतच्या पत्रावर तुमचा अर्ज क्रमांक लिहायला लावा.