अंतर्गत समितीच्या अहवालाचा सारांश लिहिताना

"आमच्या अंतर्गत समितीने लैंगिक छळाच्या तक्रारीवर ३८ पानांचा अहवाल दिला आहे. मी एचआरमध्ये आहे आणि संचालकांनी दोन पानांचा सारांश मागितला आहे. निष्कर्ष आणि शिफारस नेमकी कशी मांडू? गोपनीयतेमुळे काय लिहायचे नाही आणि कोणाला द्यायचे नाही?"

मी काही वर्षे खासगी कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून काम करते आहे, आणि समितीच्या अहवालाइतकाच त्यावरून केलेला सारांशही मला वाचावा लागतो. चुका बहुधा या दुसऱ्या कागदात होतात. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अहवाल मालकाला म्हणजे कंपनीला दिला जातो आणि त्यावर निर्णय घेण्याची जबाबदारी कंपनीची असते, त्यामुळे जो संचालक कारवाईच्या आदेशावर सही करणार आहे त्याने मूळ अहवाल वाचलाच पाहिजे. सारांश त्याला वाट दाखवण्यासाठी असतो, अहवालाऐवजी नसतो, आणि हे वाक्य सारांशाच्या पहिल्याच ओळीत लिहावे.

अहवाल हाती घेतल्यावर पहिल्या पानापासून टिपणे काढू नका. अशा अहवालाचा मोठा भाग तक्रार, प्रतिवादीचे उत्तर आणि साक्षीदारांचे जबाब यांनी भरलेला असतो, तर समितीचे स्वतःचे मत शेवटच्या पाच-सहा पानांतच येते. जो क्रमाने वाचतो त्याच्या सारांशात सगळी जागा जबाब खातात, आणि 'तक्रारदाराने असे सांगितले' व 'समितीला असे आढळले' यांतला फरक पुसला जातो. म्हणून आधी निष्कर्षाचे प्रकरण वाचावे, त्यातल्या प्रत्येक आरोपाला क्रमांक द्यावा, आणि मग मागे जाऊन समितीने त्या निष्कर्षासाठी नेमका कोणता पुरावा धरला एवढेच शोधावे.

एक प्रकरण सांगते. ओळख पटेल असे सर्व तपशील मी बदलले आहेत. तक्रारीत तीन आरोप होते. पहिला असा की, वरिष्ठाने सुमारे चार महिने रात्री दहानंतर दिसण्याविषयी आणि कपड्यांविषयी संदेश पाठवले. दुसरा, विभागाच्या जेवणाच्या वेळी सर्वांसमोर लैंगिक अर्थाचा शेरा मारला. तिसरा, फायली ठेवण्याच्या खोलीत वाट अडवून खांद्यावर हात ठेवला. पहिला आरोप समितीने सिद्ध मानला, कारण संदेश प्रतिवादीने नाकारले नव्हते. ते केवळ मैत्रीचे होते, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्या संदेशांमध्येच तक्रारदाराने लिहिले होते, "सर, कृपया फक्त कामाबद्दलच लिहा," आणि त्यानंतरही संदेश थांबले नव्हते. वर्तन नकोसे होते, हे या एका ओळीने ठरवले. दुसराही सिद्ध झाला, कारण टेबलावरच्या दोन सहकाऱ्यांनी तोच शेरा जवळजवळ त्याच शब्दांत सांगितला. तिसरा मात्र सिद्ध झाला नाही.

या प्रकरणाच्या सारांशाच्या पहिल्या मसुद्यात एचआर अधिकाऱ्याने लिहिले होते, "तीनपैकी दोन आरोप खरे, एक आरोप खोटा, साक्षीदार नसल्याने फेटाळला." एका वाक्यात दोन गंभीर चुका होत्या. कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, तक्रार सिद्ध करता न येणे किंवा पुरेसा पुरावा देता न येणे एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई होत नाही; त्यासाठी द्वेषबुद्धी वेगळ्या चौकशीने सिद्ध व्हावी लागते. 'खोटा' हा शब्द वाचून संचालकांनी पहिला प्रश्न विचारला तो तिच्यावर काय कारवाई करायची, हाच. दुसरी चूक कारणाची होती. साक्षीदार नव्हता म्हणून आरोप फेटाळला, असे अहवालात कुठेही म्हटले नव्हते. बंद खोलीतल्या घटनेला साक्षीदार असणे दुर्मीळच, आणि एकट्या तक्रारदाराचा जबाब विश्वासार्ह वाटला तर समिती त्यावर निष्कर्ष काढू शकते. इथे समितीचे कारण असे होते की, तक्रारीत आणि जबाबात घटनेच्या दोन वेगळ्या तारखा आल्या होत्या आणि त्यांपैकी एका दिवशी प्रतिवादी दौऱ्यावर असल्याचे हजेरीत दिसत होते. कॅमेऱ्याचे चित्रण तोपर्यंत पुसले गेले होते.

आम्ही ते वाक्य असे बदलले: "आरोप क्र. ३ उपलब्ध पुराव्यावरून सिद्ध होत नाही, असा समितीचा निष्कर्ष आहे (तारखांतील विसंगती, पान ३२). तक्रार द्वेषबुद्धीने केल्याचा निष्कर्ष अहवालात नाही." प्रत्येक आरोपासाठी अशीच दोन-तीन वाक्ये पुरतात: काय ठरले, कशावरून ठरले, पान कोणते. समिती फौजदारी न्यायालयाप्रमाणे निःसंशय पुरावा मागत नाही, शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते ते पाहते. म्हणून सारांशात 'दोषी', 'गुन्हा', 'आरोपी' हे शब्द येऊ देऊ नका. 'तक्रारदार', 'प्रतिवादी', 'गैरवर्तन सिद्ध' हेच शब्द बरोबर आहेत.

शिफारस मात्र स्वतःच्या शब्दांत सांगू नका, जशीच्या तशी उतरवा. 'समितीने कडक कारवाई सुचवली आहे' या वाक्यावरून कोणालाही आदेश काढता येत नाही. वरच्या प्रकरणात दोन वार्षिक वेतनवाढी रोखणे, लेखी माफी आणि समुपदेशन अशी शिफारस होती, आणि त्याखेरीज प्रतिवादीच्या पगारातून सहा हप्त्यांत ९०,००० रुपये तक्रारदाराला देण्याची. हे दोन भाग वेगळे ठेवावेत. पहिला भाग कंपनीच्या सेवा नियमांतून येतो, आणि ते नसतील तर २०१३ च्या नियमांतल्या यादीतून, जिच्यात लेखी माफीपासून नोकरी संपवण्यापर्यंतचे उपाय आहेत. दुसरा भाग नुकसानभरपाईचा आहे, आणि ती ठरवताना समितीने मानसिक त्रास, करिअरमधल्या संधीचे नुकसान, उपचारांचा खर्च, प्रतिवादीचे उत्पन्न आणि रक्कम एकदम की हप्त्यांत हे पाहायचे असते. अहवालात या रकमेची कारणे दिली असतील तर एका वाक्यात घ्या. नसतील तर स्वतः रचू नका.

तारखांना एक ओळ द्याच. कंपनीने अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत शिफारशीवर कारवाई करायची असते. अहवाल ६ मार्चला हाती आला असेल तर ती मुदत ५ मेला संपते. अपिलासाठी मात्र शिफारशींपासून ९० दिवस असतात, म्हणून अपिलाची वाट पाहण्यात कंपनीची मुदत निघून जाते, आणि स्थगितीचा आदेश नसेल तर थांबण्याला आधार उरत नाही. चौकशीदरम्यान तक्रारदाराला दिलेला अंतरिम दिलासा, म्हणजे बदली, रजा किंवा वरिष्ठ बदलून देणे, अजून चालू आहे की नाही हेही याच ओळीत लिहावे.

अहवाल वाचताना प्रक्रियेतली त्रुटी दिसली तर ती सारांशात मिसळू नका, वेगळ्या टिपणात लिहून पीठासीन अधिकाऱ्यांकडे, म्हणजे समितीच्या प्रमुखांकडे पाठवा. सुनावणीला पीठासीन अधिकारी धरून किमान तीन सदस्य हजर होते का आणि निष्कर्षाची प्रत दोन्ही बाजूंना देऊन त्यांचे म्हणणे मागवले होते का, या दोन गोष्टी मी हमखास तपासते. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी निकाल दिला तो प्रक्रियेतल्या त्रुटीवरच. समितीने चौकशी घाईने उरकली आणि प्रतिवादीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून प्रकरण पुन्हा समितीकडे गेले. तक्रार झाल्यापासून तोपर्यंत चौदा वर्षे गेली होती. ज्या तक्रारदारांना न्याय मिळायचा होता त्यांच्यासाठीही हे किती जड गेले असेल, याचा विचार करून मी हा मुद्दा कधीच सोडत नाही.

आता गोपनीयता. कलम १६ नुसार तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदार यांची ओळख व पत्ते, तडजोडीची व चौकशीची माहिती, शिफारशी आणि केलेली कारवाई, यांपैकी काहीही जनतेला किंवा माध्यमांना कळवता येत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करूनही ते मिळत नाही. प्रकरण हाताळण्याची जबाबदारी असलेल्याने हे मोडले तर सेवा नियमांनुसार दंड होतो, आणि २०१३ च्या नियमांत ५,००० रुपयांची वसुली सांगितली आहे. सारांश लिहीत असल्यामुळे तुम्हीही त्या जबाबदारीत आला आहात. पण याचा अर्थ कोणालाच काही कळणार नाही, असा नाही. अहवाल दोन्ही पक्षांना द्यावाच लागतो. तक्रारदाराला पोलिसांत जायचे असेल तर कंपनीने मदत करायची असते. अपील झाले तर कागद तिथेही जातात. म्हणून सारांशावर 'संपूर्ण गोपनीय' असा शिक्का मारून भागत नाही. प्रत कोणाकोणाला दिली हे नावानिशी नोंदवावे, प्रतींना क्रमांक द्यावेत आणि निर्णयानंतर त्या परत घ्याव्यात. पगारातून रक्कम कापायची म्हणून लेखा विभागाला सारांश देण्याचे कारण नाही. त्यांना रक्कम, हप्ते आणि कर्मचारी क्रमांक एवढेच पत्र पुरते.

नावे काढली की ओळख लपली, असे समजू नका. मी वाचलेल्या एका सारांशात नाव कुठेही नव्हते, पण 'भांडार विभागातील महिला कर्मचारी' असे लिहिले होते, आणि त्या विभागात एकच महिला होती. साक्षीदारांच्या बाबतीत तर हे अधिक घडते, कारण 'त्या दिवशी प्रतिवादीच्या शेजारी बसलेले सहकारी' वाचून सगळ्यांना माणूस कळतो आणि पुढच्या तक्रारीत कोणी बोलायला येत नाही. पद, विभाग, बसण्याची जागा, गावी गेल्याची तारीख यांपैकी निर्णयासाठी लागत नाही ते सगळे काढा. फायलीचे नावही पाहा. एका कंपनीत मजकूर अगदी सांभाळून लिहिला होता, पण सामायिक फोल्डरमधल्या फायलीच्या नावात तक्रारदाराचे आडनाव होते आणि ते सगळ्या विभागाला दिसत होते. `IC-03-saransh.pdf` असे नाव पुरते, आणि ईमेलच्या विषयातही तेवढेच लिहावे.

कर्मचाऱ्यांना काही सांगावे का, हा प्रश्न संचालक विचारतीलच. कोणाचीही ओळख पटणार नाही अशा रीतीने, न्याय मिळाला एवढे सांगण्याची सूट कलम १६ देते. दोन हजार माणसांच्या कारखान्यात असे एक वाक्य लिहिता येते. तीस माणसांच्या कार्यालयात ते कसेही लिहिले तरी ओळख पटते, तेव्हा तिथे काहीही प्रसृत करू नये आणि समितीच्या वार्षिक अहवालात प्रकरणांची संख्या तेवढी द्यावी.