वडिलांच्या जुन्या चष्म्यातून स्वच्छ दिसतं, मग डोकं का दुखतं?

प्रश्न: माझं वय ४६. मला वाचायचा नंबर +१.७५ सांगितला आहे, लांबचा नंबर नाही. वडील गेले, त्यांचा +२.५० चा वाचायचा चष्मा घरात आहे, तोच लावते. अक्षरं मोठी आणि स्वच्छ दिसतात, पण अर्ध्या तासात भुवयांच्या वर दुखायला लागतं. माझ्या बहिणीला त्याच चष्म्याचा काही त्रास होत नाही. दुसऱ्याचा चष्मा लावून डोळे बिघडतात का?

उत्तर:

बिघडत नाहीत, हे आधी सांगतो. मोठ्या माणसाने दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावला म्हणून डोळ्याचा पडदा खराब होत नाही. दुखणं मात्र खरं आहे, आणि त्याचं कारण फक्त पाऊण नंबरच्या फरकात शोधलंत तर ते अर्धंच सापडेल. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. घरातला कुणाचा तरी चष्मा घेऊन ‘दिसतं छान, पण डोकं दुखतं’ असं सांगणारी माणसं माझ्याकडे नेहमी येतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा त्रास स्पष्ट दिसण्याशी संबंधित नसतो. दोन्ही डोळे एकाच अक्षरावर वळवून तिथे धरून ठेवण्यात त्यांची जास्त ताकद खर्च होत असते. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचंही तेच असावं.

अडीच नंबरच्या भिंगातून, डोळा पूर्ण सैल असताना, ४० सेंटीमीटरवरचं स्पष्ट दिसतं. हिशोब सोपा आहे: १०० ला नंबरने भागायचं. तुमच्या पावणेदोनच्या नंबरला हेच अंतर ५७ सेंटीमीटर येतं. म्हणजे वडिलांचा चष्मा लावला की ४० च्या पलीकडचं सगळं धूसर होतं, आणि हात नकळत पुस्तक जवळ आणतो. जे पुस्तक तुम्ही एरवी ४० सेंटीमीटरवर धरलं असतं ते ३० वर येतं. अक्षरं मोठी दिसतात त्यात भिंगाइतकाच, किंबहुना जास्तच, वाटा या जवळ आणण्याचा आहे.

वस्तू जितकी जवळ, तितके दोन्ही डोळे नाकाकडे जास्त वळवावे लागतात. हे वळणं आम्ही प्रिझममध्ये मोजतो. एक प्रिझम म्हणजे एक मीटरवर एक सेंटीमीटर इतकं वळण. तुमच्या चेहरेपट्टीचा अंदाज धरला तर ४० सेंटीमीटरवर वाचताना दोन्ही डोळ्यांना मिळून साधारण १३ प्रिझम वळावं लागतं, आणि ३० सेंटीमीटरवर साधारण १७. चार प्रिझम इथेच वाढले.

एरवी निसर्ग इथे मदत करतो. जवळचं बघायला डोळ्याच्या आतलं भिंग जोर लावतं, तेव्हा त्या जोराबरोबर डोळे आपोआप थोडे आत वळतात. तुमच्या स्वतःच्या नंबरने ४० सेंटीमीटरवर वाचताना डोळ्याला आतून पाऊण नंबरचा जोर लावावा लागतो. वडिलांच्या चष्म्यातून ३० वर वाचतानाही तो जवळजवळ तेवढाच लागतो, कारण बाकीचं काम चष्म्याने उचललेलं असतं. वळण चार प्रिझमने वाढलं, पण आपोआप मिळणारी मदत तेवढीच राहिली. उरलेलं वळण स्नायूंनी स्वतःच्या बळावर करायचं आणि अर्धा तास तसंच धरून ठेवायचं.

आता ज्या गोष्टीकडे कुणाचंच लक्ष जात नाही तिच्याकडे येतो. प्रत्येक भिंगाला एक मध्य असतो, आणि तो मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोर यावा असा बेतून काच कापलेली असते. त्यासाठी दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजतात. दुकानात त्याला ‘पीडी’ म्हणतात. धरून चालू की वडिलांच्या चष्म्यातले दोन मध्य एकमेकांपासून ६५ मिलिमीटरवर आहेत. चेहरा रुंद असलेल्या पुरुषाच्या चष्म्यात हा आकडा सहज सापडतो. वाचताना तुमच्या बाहुल्यांमधलं अंतर समजा ५७ आहे. म्हणजे तुम्ही प्रत्येक काचेच्या मध्यातून न बघता, मध्यापासून ४ मिलिमीटर नाकाच्या बाजूने बघता.

भिंगाच्या मध्यातून किरण सरळ जातो, कडेने वाकतो. किती वाकतो ते प्रेंटिसच्या नियमाने काढतात: मध्यापासूनचं अंतर सेंटीमीटरमध्ये घ्यायचं आणि नंबरने गुणायचं. ०.४ गुणिले २.५, म्हणजे एका डोळ्याला १ प्रिझम, दोन्ही मिळून २. अधिक नंबरच्या भिंगात आणि मध्य बाहेरच्या बाजूला असताना हा प्रिझम अशा दिशेने येतो की डोळ्यांना आणखी आतच वळावं लागतं. आधीच्या चारांत हे दोन मिळवा. १३ च्या जागी १९ प्रिझमचं वळण, आणि मदत पूर्वीइतकीच. भुवयांच्या वर दुखतं ते या ओझ्याने.

तुमच्या बहिणीचं कोडंही इथेच सुटतं. तिच्या बाहुल्यांमधलं अंतर वडिलांसारखं असेल तर ते दोन प्रिझम तिच्या वाट्याला येतच नाहीत. तिचा स्वतःचा नंबर अडीचच्या जवळ असेल तर पुस्तकही तिला ओळखीच्याच अंतरावर धरावं लागतं. शिवाय डोळे आत वळवण्याची राखीव ताकद प्रत्येकाची वेगळी असते. काहींना सहा प्रिझम जाणवतही नाहीत, काहींना दोन पुरतात. म्हणून ‘तिला चालतो, मग मलाच का नाही’ असं मनात आणू नका.

हे तुमच्या बाबतीत खरं आहे का ते घरीच बघता येतं. तोच चष्मा घालून, एका डोळ्यावर हलका रुमाल धरून, रोज जेवढ्या वेळात दुखायला लागतं तेवढा वेळ वाचा. डोळा दाबू नका, फक्त झाका. दुसऱ्या दिवशी दुसरा डोळा झाका. एका डोळ्याने वाचताना दुखलं नाही तर दोष दोन डोळ्यांच्या जुळवणीत आहे, कारण एक डोळा झाकला की कुठेही वळून टिकायचं कामच उरत नाही. एका ठराविक डोळ्याने वाचताना मात्र तरीही ताण आला किंवा अक्षराला सावली दिसली, तर त्या डोळ्याच्या नंबरमध्ये गोष्ट आहे, आणि बहुधा ती सिलिंडर नंबरची, म्हणजे एकाच दिशेने लागणाऱ्या नंबरची, असते.

त्याचीही एक चाचणी आहे. चष्मा हातभर लांब धरा, काचेतून दाराची उभी चौकट बघा आणि चष्मा जागच्या जागी थोडा गोल फिरवा. काचेत दिसणारी चौकट बाहेरच्या चौकटीशी सरळ राहिली तर सिलिंडर नाही किंवा नगण्य आहे. ती कात्रीसारखी तिरकी होत गेली तर काचेत सिलिंडर आहे, मग कागदावर नुसतं +२.५० लिहिलेलं का असेना. सिलिंडरला अंशात मोजलेली एक दिशा असते आणि ती त्या माणसाच्या बुबुळाच्या वक्रतेवरून ठरलेली असते. तुमचा आणि वडिलांचा सिलिंडर योगायोगाने सारखा निघाला, पण दिशा ३० अंशांनी वेगळी असली, तरी त्या सिलिंडरचा उपयोग शून्य होतो: जेवढा दोष आधी होता तेवढाच उरतो, फक्त वेगळ्या दिशेला. फरक ३० अंशांहून जास्त असला तर सिलिंडरशिवायच बरं दिसेल.

जुन्या चष्म्यात आणखी एक खोड असते: दांडी वाकलेली. वडिलांच्या कानाला ती बसत असेल, तुमच्या चेहऱ्यावर चष्मा तिरका बसतो. एक काच २ मिलिमीटर वर आणि दुसरी २ खाली गेली तर अडीच नंबरला १ प्रिझमचा फरक पडतो, आणि तो उभ्या दिशेने. आत वळायची डोळ्यांना जन्मभराची सवय असते, पण एक डोळा वर आणि एक खाली ठेवण्याची जवळजवळ नसते. त्यामुळे हा एक प्रिझम आडव्या सहांपेक्षा जास्त छळू शकतो. चष्मा सपाट टेबलावर उलटा ठेवून बघा. डगमगला तर दुकानात दांडी सरळ करून घ्या. बहुतेक ठिकाणी हे दोन मिनिटांत करून देतात.

हे सगळं मी साध्या वाचायच्या चष्म्याबद्दल बोललो. घरात आजी-आजोबांचा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा जाड भिंगाचा चष्मा असेल, डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणं सर्रास होण्याआधीचा, तर तो लावायचा विचारच करू नका. त्याचा नंबर दहाच्या आसपास असतो. तिथे तेच ४ मिलिमीटर दोन्ही डोळ्यांना मिळून ८ प्रिझम करतात आणि एकाचे दोन दिसू शकतात. लहान मुलांना तर दुसऱ्या मुलाचा चष्मा अजिबात देऊ नये. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत नजर अजून घडत असते, आणि एका डोळ्याला सतत धूसर दिसत राहिलं तर तो डोळा कायमचा आळशी होऊ शकतो. वर ‘बिघडत नाहीत’ म्हटलं ते मोठ्यांपुरतंच.

मोठ्यांच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच कारणाने. घरातला चष्मा चालून गेला की तपासणी टळते. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही आणि मधली नजर शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. मधुमेहाने पडद्यावर होणारे बदलही सुरुवातीला कळत नाहीत. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि पडदा बघून घेणं जरूर आहे, वडिलांना काचबिंदू असेल तर आणखीच जरूर. चष्मा काढल्यावरही डोकं दुखत राहिलं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली किंवा एकाएकी दोन दिसू लागलं, तर थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा.

वडिलांचा चष्मा टाकून द्यावा असं मी म्हणत नाही. फ्रेम ठेवा, काचा बदला. दांडीच्या आतल्या बाजूला ‘५०’ आणि ‘२०’ असे दोन आकडे असतील: पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, दोन्ही मिलिमीटरमध्ये. त्यांची बेरीज ७० आली आणि तुमचं वाचायचं अंतर ५७ असलं, तर प्रत्येक काचेचा मध्य साडेसहा मिलिमीटर आत सरकवून बसवावा लागेल. काम करण्यासारखं आहे, पण त्यासाठी मोठ्या व्यासाची काच लागते. फ्रेम जुन्या शेलची असेल तर काच बसवताना ऊब देताना ती तडकू शकते. म्हणून आधी रिकामी फ्रेम दाखवून विचारा, आणि नंबरच्या कागदावर +१.७५ च्या खाली वाचायच्या अंतराची पीडी वेगळी मोजून लिहून घ्या. लांबचीच पीडी घातली तर दोन्ही मध्य तीन-चार मिलिमीटर रुंद पडतात आणि आत्ताच्या त्रासाचा थोडा भाग नव्या काचेतही शिल्लक राहतो.