एका सीडवर दीड टक्का वाढला, तर तो धरायचा का?

प्रश्न: इंदूरला एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आरटीई या, एका वाक्यातून दुसरं निघतं का हे ओळखायच्या डेटासेटवर बर्ट-बेस फाइनट्यून करतोय. माझं मॉड्यूल लावलं की डेव्हवर 66.4 चे 67.9 होतात, काढलं की परत 66.4. सीड दोन्हीकडे 42 च. सर म्हणतात अ‍ॅब्लेशन झालं, टेबल टाक. पण हा फायदा खरा आहे का? लॅबमध्ये जीपीयू एकच आहे, माझ्या वाट्याला रात्र येते.

उत्तर:

आधी टक्के बाजूला ठेवा आणि प्रश्न मोजा. आरटीईच्या डेव्ह सेटमध्ये वाक्यांच्या 277 जोड्या आहेत, म्हणजे एक जोडी 0.36 टक्क्याची. तुमचे 66.4 म्हणजे 184 बरोबर आणि 67.9 म्हणजे 188. सगळा फायदा चार जोड्यांचा आहे. एवढ्यावर टेबल टाकू नका.

आता सीडबद्दल. ‘सीड दोन्हीकडे 42, म्हणजे फरक फक्त मॉड्यूलचा’ हे वाटतं तितकं खरं नाही. तुमच्या मॉड्यूलमधल्या लेयरला सुरुवातीचे वेट्स लागतात आणि ते त्याच रँडम आकड्यांच्या रांगेतून उचलले जातात. तिथून पुढची रांग सरकते. नंतर डेटालोडर शफल करायला आकडा मागतो तेव्हा त्याला वेगळाच मिळतो, आणि बॅचेसचा क्रम बदलतो. मॉड्यूल हेडच्या आधी बनत असेल तर हेडचे सुरुवातीचे वेट्सही बदलतात. म्हणजे सीड 42 च लिहिलेला असला तरी तुम्ही दोन वेगळे सीड चालवलेत.

हे स्वतः तपासून बघा. मॉड्यूल काढा, त्याच्या जागी एक लेयर बनवा आणि ती कुठेही वापरू नका:

```python
torch.manual_seed(42)
model = BertForSequenceClassification.from_pretrained("bert-base-uncased")
model.unused = nn.Linear(768, 768)
```

`forward` मध्ये ही लेयर येत नाही, तिला ग्रेडियंट मिळत नाही, मॉडेलच्या लेखी ती नाहीच. तरी स्वतः लिहिलेल्या ट्रेनिंग लूपमध्ये स्कोअर सहसा हलेल. (हगिंगफेसचा `Trainer` सुरुवातीला सीड पुन्हा लावतो, त्यामुळे तिथे निदान हा क्रम सांभाळला जातो.) हा रन पाच-सहा सीडवर करा आणि ‘नुसती लेयर’ म्हणून अ‍ॅब्लेशनच्या टेबलात एक ओळ द्या. काहीच न करणारी वस्तू चार जोड्या इकडेतिकडे करत असेल, तर तुमच्या चार जोड्यांची किंमत तिथेच कळते. माझ्या मते अशी ओळ नसलेलं अ‍ॅब्लेशन अर्धवटच असतं.

डेटाचा क्रम बांधून ठेवायचा तर त्याला स्वतःचा जनरेटर द्या:

```python
g = torch.Generator()
g.manual_seed(seed)
loader = DataLoader(train, batch_size=32, shuffle=True, generator=g)
```

यानंतर एकेका सीडवर बेसलाइन आणि मॉड्यूल यांची जोडी लावता येते. मात्र पहिल्याच स्टेपनंतर दोघांचे वेट्स वेगळे होतात, त्यामुळे या जोडीचा उपयोग मर्यादितच.

आता हिशेब. समजा पाच सीडवर बेसलाइनचे बरोबर आले 184, 190, 187, 193, 181, आणि मॉड्यूलचे 188, 186, 195, 191, 185. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे घालून बघा. दोन्हीकडचा पहिला आकडा तुमचाच आहे. सीडवार फरक: +4, −4, +8, −2, +4. सरासरी 2 जोड्या. फरकांचं प्रमाण विचलन 4.9, त्याला √5 ने भागलं की 2.2. चार डिग्रीज ऑफ फ्रीडमसाठी टी-टेबलमधला आकडा 2.776, म्हणून 95 टक्क्यांचा पट्टा 2 ± 6.1, म्हणजे −4 पासून +8 जोड्या. शून्य आरामात आत बसलंय. सीड 42 वर दिसलेले चार सरासरीत दोनावर आले आणि त्या दोनाचीही खात्री नाही.

बरेच जण इथे एक पळवाट काढतात: दोघांचा सर्वोत्तम रन द्यायचा, 193 विरुद्ध 195. बर्टच्या 2018 च्या मूळ पेपरातही लहान डेटासेटवर बर्ट-लार्ज डळमळतो म्हणून बरेच रन करून डेव्हवरचा सर्वोत्तम निवडला होता, आणि तसं लिहिलंही होतं. घोळ होतो तो रनची संख्या वेगळी असते तेव्हा. आपलं मॉड्यूल जुळवताना माणूस सहज वीसदा चालवतो, बेसलाइन पाचदा. पाचातला सर्वोत्तम सरासरीच्या सुमारे 1.16 विचलनं वर असतो, विसातला 1.87. विचलन 4.7 जोड्या धरलं तर मॉड्यूल काहीच करत नसलं तरी तीनेक जोड्या, म्हणजे 1.2 टक्के फुकटात मिळतात. म्हणून लर्निंग रेटचे पर्याय आणि रनची संख्या दोन्हीकडे सारखी ठेवा.

याच्या उलटही होतं. आरटीईवर एखादा रन शिकतच नाही आणि बहुसंख्य वर्गावर, म्हणजे 146 जोड्यांवर (52.7 टक्के) अडकतो. बर्ट-लार्जमध्ये हे जास्त होतं. बेसलाइनच्या पाचातला एक असा पडला की सरासरी 187 वरून 179 च्या आसपास येते आणि तुमचं मॉड्यूल दहा जोड्यांनी जिंकतं. टेबलात फक्त सरासरी असेल तर हे दिसणारच नाही. पडलेला रन गुपचूप गाळूही नका, दोन्हीकडे किती पडले ते लिहा. आधी वॉर्मअप लावा (पहिल्या 10 टक्के स्टेप्स), ऑप्टिमायझरमध्ये बायस करेक्शन चालू आहे ना ते बघा आणि तीनऐवजी वीस एपॉक द्या. बहुतेक वेळा पडणं थांबतं.

सीड किती घ्यायचे? फरक खरोखरच 2 जोड्यांचा आणि विचलन 4.9 असेल, तर तो पाचपैकी चार वेळा पकडण्यासाठी (2.8 × 4.9 ÷ 2)² ≈ 47 सीड लागतात, म्हणजे दोन्ही मिळून 94 रन. ट्रेनिंगला 2,490 उदाहरणं, बॅच 32, तीन एपॉक म्हणजे 234 स्टेप्स, काही मिनिटांचं काम. स्क्रिप्ट लावून सराफ्यात जाऊन आलात तरी पुष्कळ रन उरकलेले असतील. वीस एपॉकला मात्र चार-सहा रात्री धरा. फरक 8 जोड्यांचा असता तर पाच-सहा सीडवर भागलं असतं.

तरीही 47 सीडने एक प्रश्न सुटत नाही. ते सगळे रन त्याच 277 जोड्यांवर मोजले जातात. डेव्ह सेटमध्ये दुसऱ्या जोड्या आल्या असत्या तर स्कोअर किती हलला असता? √(0.68 × 0.32 ÷ 277) म्हणजे 2.8 टक्के, एका बाजूला. दोन्ही मॉडेल्स त्याच जोड्या सोडवतात म्हणून फरकातली चूक याहून कमी असते, पण सीड वाढवून ती शून्यावर जात नाही. त्यासाठी मोठा सेट हवा. याच प्रकारच्या एमएनएलआय डेटासेटच्या मॅच्ड डेव्हमध्ये 9,815 उदाहरणं आहेत, तिथे 84 टक्क्यांच्या आसपास हीच चूक 0.37 वर येते. मॉड्यूल तिथेही चालवून बघा.

सरांना दाखवायच्या टेबलात या ओळी ठेवा: बेसलाइन, नुसती लेयर, तुमचं मॉड्यूल, आणि त्याच आकाराची साधी लेयर जी `forward` मध्ये वापरली जाते. प्रत्येकापुढे सीडची संख्या, सरासरी, विचलन आणि पडलेले रन. शेवटची ओळ विसरू नका. फायदा खरा निघाला तरी तो तुमच्या कल्पनेचा की नुसत्या वाढलेल्या पॅरामीटर्सचा, हे तिच्यावरूनच ठरेल.