सोलर टेक्निशियनच्या बायोडाट्यात एक साइट नीट कशी लिहावी

प्रश्न: मी डिचोलीचा. आयटीआय इलेक्ट्रिशियन करून दोन वर्षं रूफटॉप सोलरचं काम करतोय. बायोडाट्यात "पॅनेल बसवणे, वायरिंग, मेंटेनन्स" एवढंच आहे. कुठूनच फोन येत नाही. काय लिहू?

उत्तर:

फोंड्यात आमच्या टीमसाठी टेक्निशियन निवडायचं काम माझ्याकडे असतं. असे बायोडाटे रोज हाताखालून जातात. तुम्ही लिहिलेली ओळ पॅनेल गच्चीवर चढवून देणाऱ्यालाही लागू पडते आणि सिस्टम चालू करून देणाऱ्यालाही. यातले तुम्ही कोण, ते कळलं पाहिजे. त्यासाठी दहा साइटची यादी नको. तुम्ही स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेली एक साइट नीट लिहा.

आधी क्षमता. "५ किलोवॅट" एवढं लिहून भागत नाही, कारण पॅनेलची क्षमता वेगळी आणि इन्व्हर्टरची वेगळी. समजा घराच्या स्लॅबवर ५४० वॅटची ९ पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये आहेत. मग लिहा: "४.८६ किलोवॅट पॅनेल, ५ किलोवॅट सिंगल फेज इन्व्हर्टर, ९ पॅनेलची एक स्ट्रिंग." पुढे तुमचं काम: स्ट्रक्चर, डीसी वायरिंग की चाचणी. कंपनीने बसवलेल्या सगळ्या किलोवॅटची बेरीज आपल्या नावावर मांडू नका. मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

साइट सर्व्हेत नुसतं "छताचं माप घेतलं" म्हणू नका. आपल्याकडे खरी अडचण माडांच्या सावलीची. डिसेंबरात ऊन दक्षिणेकडून तिरकं येतं, म्हणून दक्षिणेचा माड तेव्हा जास्त नडतो. मे ते जुलैत मात्र गोव्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो. हे धरून पॅनेलची जागा बदलली असेल तर ती एक ओळ हवीच. छप्पर कौलारू की स्लॅब, मंजूर लोड किती, अर्थिंगला जागा कुठे, हेही त्यातच येऊ द्या. साइट किनाऱ्याजवळ असेल तर खाऱ्या वाऱ्यासाठी स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट वापरले, तेही लिहा.

आता कमिशनिंग. मी सगळ्यात आधी हाच भाग वाचतो. वरच्याच स्ट्रिंगचं बघा. पॅनेलमागच्या लेबलवर ओपन सर्किट व्होल्टेज ४९.५ व्होल्ट असेल तर ९ पॅनेलचे ४४५ च्या आसपास व्हायला हवेत. पण लेबलवरचा आकडा २५ अंशांना असतो. दुपारी पॅनेल ५५ अंशांवर गेलं आणि डेटाशीटप्रमाणे दर अंशाला ०.२७ टक्के घट धरली, तर सुमारे ८ टक्के कमी होतात आणि ४१० च्या आसपास रीडिंग येतं. मीटर ४०७ दाखवत असेल तर स्ट्रिंग ठीक आहे. ३६५ आले तर एक पॅनेल जोडायचं राहिलंय. ३९५ आले तर एखाद्या पॅनेलचा बायपास डायोड शॉर्ट झाल्याचा संशय घ्यायचा, कारण तीन भागांतला एक भाग गेला की साधारण १५ व्होल्ट कमी होतात. "स्ट्रिंग व्होल्टेज तापमान धरून पडताळले, अपेक्षित ४१०, मिळाले ४०७" अशी ओळ वाचली की मी फोन उचलतो.

त्याखाली इन्सुलेशन टेस्ट (या स्ट्रिंगला १००० व्होल्टवर, १ मेगओहमच्या खाली चालत नाही), अर्थचं रीडिंग, आणि मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर लगेच थांबला का, हे लिहा. ही शेवटची चाचणी फार महत्त्वाची. लाइन गेली म्हणून खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या सिस्टमने शॉक देता कामा नये. आकडे तुमच्या कमिशनिंग शीटवरचेच हवेत. जी चाचणी केली नसेल ती लिहू नका.

सुरक्षेसाठी "सेफ्टीचे ज्ञान आहे" हे वाक्य काढून टाका आणि तुमचा क्रम लिहा: आधी एसी ब्रेकर बंद, मग डीसी आयसोलेटर, क्लॅम्प मीटरवर करंट शून्य, त्यानंतरच एमसी-४ कनेक्टर उघडायचा. चालू करंटवर तो ओढला तर डीसीचा आर्क लवकर विझत नाही, हात भाजतो. आयसोलेटर बंद केला तरी ऊन असेतोवर पॅनेलपासून तिथपर्यंतची वायर जिवंतच असते. हे ठाऊक असलेला माणूस लगेच ओळखू येतो. उंचीवर हार्नेस वापरत असाल तर तेही इथेच.

नेट मीटर "बसवला" असं लिहू नका, ते वीज खात्याचं काम. "खात्याच्या तपासणीवेळी साइटवर हजर, कागदपत्रं तयार केली" हे खरं आणि पुरेसं आहे. ग्राहकाचं नाव, फोन नंबर घालू नका, तालुका पुरे. आयटीआय, वायरमन परवाना असल्यास तो, आणि सोलरचा एखादा कोर्स खाली दोन ओळींत. सगळं एका पानात बसतं.