घटसर्पात अँटिटॉक्सिनची घाई का?

पुतण्याला घटसर्पाचा संशय आहे, कल्चर रिपोर्ट यायच्या आधीच अँटिटॉक्सिन का देतायत?

कारण घटसर्पाच्या जंतूंचं विष पेशीत शिरलं की अँटिटॉक्सिनचा उपयोग नाही, रक्तात फिरतंय तोवरच ते अडवता येतं, म्हणून रिपोर्टसाठी थांबत नाहीत. घोड्याच्या सीरमचं असतं म्हणून आधी टेस्ट डोस देऊन रिअ‍ॅक्शन बघतात. घशातला राखाडी पडदा ओढून काढू नका, रक्त येतं. मान सुजली किंवा श्वास आत घेताना घर्र आवाज आला तर तिथल्या तिथे डॉक्टरांना हाक मारा. घसा बरा दिसला तरी दुसऱ्या आठवड्यात हृदयाचे ठोके बिघडू शकतात, ईसीजी चालू राहू दे, पोराला पळू देऊ नका. घरातल्या सगळ्यांचे घशाचे स्वॅब घ्या, डॉक्टरांना विचारून एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक 7 ते 10 दिवस पूर्ण करा, लसीचा बूस्टरही.